आधी बांधायची, मग छाटायची

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि महाराष्ट्रातल्या घरांत कृष्णधवल टीव्ही येऊ लागले. त्या काळच्या संचांमध्ये एक खोड असायची. सगळ्यांत नव्हे, पण काही संचांत हमखास. पडद्यावर रात्रीचा प्रसंग सुरू झाला की काळोख काळा दिसायचा नाही, राखाडी दिसायचा. कुणीतरी उठून ब्राइटनेसचे बटण पिळायचे. रात्र काळी व्हायची, पण पुढच्याच दृश्यात ऊन पडले की सावल्यांमधला सगळा तपशील काळ्यात बुडून जायचा. मग पुन्हा बटण पिळणे आले.

दोष बटणाचा नव्हता. वाटेत कुठेतरी एका कपॅसिटरने ‘काळा म्हणजे किती व्होल्ट’ ही माहितीच गाळून टाकलेली असायची. ती परत आणण्यासाठी लागतात एक डायोड, एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर. या जोडणीला क्लॅम्पर म्हणतात. तिची बहीण म्हणजे क्लिपर. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला असलेल्या प्रत्येकाने या दोन्ही जोडण्या प्रॅक्टिकलमध्ये केलेल्या असतात आणि तोंडी परीक्षेत बहुतेकांची गाडी एकाच प्रश्नावर अडते: ‘आउटपुटला लहर कशी दिसेल, काढून दाखवा.’

ती काढता येते, आणि पाठ न करता काढता येते.

दोघींची कामे अगदी वेगळी आहेत. क्लिपर लहरीचा एक भाग छाटते. डोंगराचे शिखर सपाट कापून टाकावे आणि पाचगणीच्या टेबललँडसारखे पठार उरावे, तसे. क्लॅम्पर काहीच छाटत नाही. ती अख्खा डोंगर जसाच्या तसा उचलते आणि वर किंवा खाली नेऊन ठेवते. पायथ्यापासून शिखरापर्यंतची उंची तीच राहते, फक्त समुद्रसपाटीपासूनचा हिशेब बदलतो.

दोन्हीकडे कळीचे पात्र एकच, डायोड. एका दिशेने वीज जाऊ देणारा, दुसऱ्या दिशेने अडवणारा. सिलिकॉनचा डायोड जाऊ देतो तेव्हा फुकट जाऊ देत नाही, साधारण ०.७ व्होल्टचा टोल घेतो. त्याचा ॲनोड कॅथोडपेक्षा तेवढ्याने वर गेला की तो चालू, नाहीतर बंद. लहरीचे भाकीत करायचे म्हणजे प्रत्येक क्षणी फक्त एवढेच विचारायचे: डायोड आत्ता चालू आहे की बंद?

आधी क्लिपर घेऊ. फंक्शन जनरेटरमधून साईन लहर येते आहे. शिखर अधिक १० व्होल्ट, दरी उणे १० व्होल्ट, वारंवारता १ किलोहर्ट्झ, म्हणजे एक पूर्ण फेरी १००० मायक्रोसेकंदांची. ही लहर १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून पुढे येते. रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकाला आपले आउटपुट. त्याच बिंदूपासून एक डायोड खाली जातो, ॲनोड वर आणि कॅथोड खाली. कॅथोडखाली ३ व्होल्टची बॅटरी, तिचे अधिक टोक डायोडकडे आणि उणे टोक ग्राउंडला.

पहिली पायरी म्हणजे कागदावर डायोड चक्क खोडून टाकणे. आता सर्किटमध्ये वीज वाहायला मार्गच नाही. वीज नाही म्हणजे रेझिस्टरवर व्होल्टेज पडत नाही, म्हणून आउटपुटचा बिंदू इनपुटबरोबर तंतोतंत वरखाली होतो. डायोड जिथे होता तिथे वरच्या टोकाला इनपुट आणि खालच्या टोकाला कायमचे ३ व्होल्ट आहेत.

दुसरी पायरी सीमारेषा शोधण्याची. डायोड चालू व्हायला वरचे टोक खालच्यापेक्षा ०.७ ने वर हवे, म्हणजे इनपुट ३.७ व्होल्टच्या पुढे जायला हवे. सीमा मिळाली. लहरीच्या चित्रावर ३.७ व्होल्टला पट्टीने एक आडवी रेघ मारून ठेवायची. पुढचे सगळे या रेघेवर ठरते.

तिसऱ्या पायरीला दोन सोपी सर्किटे उरतात. लहर रेघेखाली असताना डायोड नाहीच असे समजायचे, तेव्हा आउटपुट म्हणजे इनपुट. लहर रेघेवर गेली की डायोडच्या जागी ०.७ व्होल्टची छोटी बॅटरी बसवायची. मग आउटपुटला ३ अधिक ०.७, म्हणजे ३.७ व्होल्ट. इनपुट कितीही वर जावो, आउटपुट तिथेच खिळून बसते. उरलेले व्होल्टेज रेझिस्टर सोसतो. शिखरावर त्याच्या वाट्याला ६.३ व्होल्ट येतात आणि १ किलोओहममधून ६.३ मिलिॲम्पिअर वीज वाहते.

चौथी पायरी, लहर काढा. शून्यापासून वर चढणारी साईन ६० मायक्रोसेकंदांच्या सुमारास ३.७ ला पोचते, तिथे पठार सुरू होते. ४४० मायक्रोसेकंदांच्या सुमारास लहर उतरत पुन्हा ३.७ ला येते, तिथे पठार संपते. पुढे ती शून्य ओलांडून उणे १० पर्यंत जाते आणि परत येते, तिथे कुणाचा हात लागत नाही.

नेहमीची चूक इथे होते. अनेक जण १० मधून ३.७ वजा करतात आणि ६.३ व्होल्टचे शिखर काढून मोकळे होतात. आकडा बरोबर, जागा चुकीची. ६.३ व्होल्ट आहेत ते रेझिस्टरवर. डायोड आणि रेझिस्टर यांच्या जागांची अदलाबदल करून आउटपुट रेझिस्टरच्या शाखेवरून घेतले, तर मात्र कापून काढलेला वरचा तुकडाच हाती येतो. कुठल्याही क्षणी पठार आणि तुकडा यांची बेरीज इनपुटएवढीच भरते. शिखरावर ३.७ अधिक ६.३ म्हणजे १०. बेरीज जुळली नाही तर चित्रात कुठेतरी चूक आहे, इतकी ही पडताळणी भरवशाची आहे.

कागद झाला. आता ब्रेडबोर्ड. प्रयोगशाळेत ३ व्होल्टच्या बॅटरीऐवजी बहुधा टेबलावरचा पॉवर सप्लाय वापरला जातो आणि तिथे एक गंमत होते. जोडणी बरोबर, डायोड बरोबर, पण पठार ३.७ ऐवजी बरेच वर दिसते आणि पाहता पाहता आणखी वर सरकते. विद्यार्थी डायोड बदलतो, वायरी हलवून पाहतो. कारण सप्लायमध्ये असते. डायोड चालू होतो तेव्हा वीज सप्लायच्या अधिक टोकातून बाहेर येत नाही, त्या टोकात आत शिरते. बॅटरी ती निमूट घेते. साधा पॉवर सप्लाय वीज द्यायला बांधलेला असतो, घ्यायला नाही. आत शिरलेली वीज त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये साचते आणि ३ व्होल्ट वर चढू लागतात. उपाय सोपा आहे: सप्लायच्या दोन टोकांमध्ये २२० ओहमचा रेझिस्टर आडवा टाकायचा. त्यातून सतत साडेतेरा मिलिॲम्पिअरच्या आसपास वीज वाहत राहते. डायोडकडून येणारे ६.३ मिलिॲम्पिअर त्यातच सामावून जातात आणि पठार जागेवर येते.

क्लॅम्परला जाण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. क्लिपरला स्मरणशक्ती नसते. या क्षणाचे इनपुट कळले की या क्षणाचे आउटपुट सांगता येते. क्लॅम्परमध्ये कपॅसिटर असतो आणि कपॅसिटर मागचे लक्षात ठेवतो. म्हणून तिथे सुरुवात कुठून करायची याला महत्त्व येते.

जोडणी अशी. चौकोनी लहर, अर्धा वेळ अधिक ६ व्होल्ट, अर्धा वेळ उणे ६ व्होल्ट, वारंवारता पुन्हा १ किलोहर्ट्झ. ती १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून आउटपुटला येते. आउटपुटपासून ग्राउंडकडे डायोड, ॲनोड वर आणि कॅथोड ग्राउंडला. डायोडला समांतर १०० किलोओहमचा रेझिस्टर.

इथला पहिला नियम असा की लहर कुठूनही सुरू होवो, आपण सुरुवात करायची ती डायोड चालू असलेल्या अर्ध्या भागापासून. कारण कपॅसिटर खऱ्या अर्थाने भरतो तो तेव्हाच. इथे तो भाग अधिक ६ व्होल्टचा. डायोड चालू, आउटपुट ०.७ व्होल्ट. कपॅसिटरच्या डाव्या टोकाला ६, उजव्या टोकाला ०.७, म्हणजे त्याच्यावर ५.३ व्होल्ट साठले आणि डावे टोक अधिक. भरायला वेळ लागत नाही. जनरेटरचा आतला रोध ५० ओहम धरला तर १ मायक्रोफॅरड २५० मायक्रोसेकंदांत जवळपास पूर्ण भरतो आणि हातात आहेत ५००.

दुसरी पायरी, डायोड बंद असलेला भाग. इनपुट उणे ६ झाले. कपॅसिटरवरचे ५.३ व्होल्ट जाणार कुठे? डायोडने दार लावले आहे, एकच वाट उरते ती १०० किलोओहममधून, आणि ती अरुंद आहे. १०० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड यांचा गुणाकार १०० मिलिसेकंद येतो, तर हा भाग टिकतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात साठ्यातला जेमतेम एक टक्का गळतो. म्हणून कपॅसिटर ५.३ व्होल्टची बॅटरी आहे असेच धरायचे. आउटपुट म्हणजे इनपुट वजा कपॅसिटर: उणे ६ वजा ५.३, उणे ११.३ व्होल्ट.

तिसरी पायरी पडताळणीची. इनपुट अधिक ६ ते उणे ६, एकूण उंची १२ व्होल्ट. आउटपुट अधिक ०.७ ते उणे ११.३, उंची १२ व्होल्ट. जुळले. क्लॅम्परमध्ये वरपासून खालपर्यंतची उंची बदलली तर हिशेब चुकला असे डोळे मिटून म्हणावे.

रेझिस्टर किंवा कपॅसिटर लहान घेतला तर काय होईल, तेही याच हिशेबातून दिसते. १०० ऐवजी १ किलोओहम आणि १ ऐवजी ०.१ मायक्रोफॅरड लावला, तर गुणाकार ०.१ मिलिसेकंदावर येतो. मग अर्ध्या मिलिसेकंदात कपॅसिटर रिकामा होऊन उलट्या दिशेने भरतो. उणे ११ कडे झेपावलेली रेषा तिथे टिकत नाही, शून्याकडे ढासळते आणि चौकोनांच्या जागी सुळके दिसतात. पडद्यावर सुळके दिसले की डायोडवर संशय घेण्याआधी रेझिस्टरचे रंगपट्टे वाचावेत.

क्लॅम्परच्या प्रॅक्टिकलमध्ये मात्र सर्वाधिक वेळ वाया जातो तो सर्किटमुळे नव्हे, सीआरओमुळे. इनपुट आणि आउटपुट दोन्ही लहरी पडद्यावर अगदी सारख्या, दोन्ही मध्यरेषेच्या वरखाली समान. क्लॅम्परने काही केलेलेच नाही असे वाटते. डायोड फिरवून पाहिला तरी चित्र तेच. मग कुणीतरी जाणता येतो, सीआरओवरचे एसी-डीसीचे बटण डीसीवर ढकलतो आणि लहर टुणकन खाली जाऊन बसते. एसीवर असताना सीआरओ आलेली लहर स्वतःच्या एका कपॅसिटरमधून आत घेतो. तो कपॅसिटर लहरीची सरासरी काढून टाकतो. क्लॅम्परने मेहनतीने जे सरकवले, ते सीआरओ दारातच पुसून टाकतो.

आणि नेमके हेच त्या राखाडी रात्रीचे कारण होते.

दूरदर्शनच्या प्रक्षेपणात एका चित्रात ६२५ रेषा असत आणि एका रेषेला ६४ मायक्रोसेकंद मिळत. चित्राच्या संकेताची प्रमाणित उंची १ व्होल्ट. त्यात काळा रंग म्हणजे शून्य व्होल्ट, पांढरा शुभ्र म्हणजे ०.७ व्होल्ट. प्रत्येक रेषेच्या आरंभी ४.७ मायक्रोसेकंद संकेत काळ्याच्याही खाली, उणे ०.३ व्होल्टवर जातो. हा सिंक. ‘नवी रेषा सुरू करा’ असा तो संचाला दिलेला इशारा. प्रत्यक्ष चित्राला रेषेतले सुमारे ५२ मायक्रोसेकंद मिळतात.

आता हा संकेत एका कपॅसिटरमधून जाऊ द्या. कपॅसिटर सरासरी काढून टाकणार. पडदा पूर्ण पांढरा असेल तर सरासरी निघते सुमारे ०.५५ व्होल्ट. ५२ मायक्रोसेकंद ०.७ वर, ४.७ मायक्रोसेकंद उणे ०.३ वर, उरलेला वेळ शून्यावर आणि सगळ्याला भागायचे ६४ ने. ही सरासरी वजा झाली की काळ्याची पातळी शून्यावरून उणे ०.५५ वर घसरते. पडदा पूर्ण काळा असेल तर सरासरी फक्त उणे ०.०२, म्हणून काळा जवळपास शून्यावरच राहतो. म्हणजे दोन दृश्यांमध्ये एकच काळा रंग अर्ध्या व्होल्टहून अधिक सरकला, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे सगळे अंतरच ०.७ व्होल्ट आहे! उजेडाच्या दृश्यासाठी ब्राइटनेस लावून ठेवला की रात्र राखाडी होणारच.

क्लॅम्पर इथे सिंकच्या तळाला धरते. दर ६४ मायक्रोसेकंदांनी संकेत ज्या सर्वांत खालच्या बिंदूला जातो, तिथे डायोड क्षणभर चालू होतो आणि कपॅसिटरचा हिशेब पुन्हा बसवतो. डायोडची दिशा आपल्या उदाहरणाच्या उलट, ॲनोड ग्राउंडला आणि कॅथोड संकेताकडे, म्हणजे बांधला जातो तो तळ. तळ पक्का झाला की त्याच्या ०.३ व्होल्ट वर काळा कायम, दृश्य कुठलेही असो.

टोलचा प्रश्न इथे वाचकाला पडायला हवा. अख्खा संकेत १ व्होल्टचा आणि डायोड त्यातले ०.७ मागतो, हा सौदा परवडणार कसा? १ व्होल्टच्या पातळीवर तो परवडत नाहीच. म्हणून साध्या डायोडचा क्लॅम्पर संकेत वाढवल्यानंतर, पिक्चर ट्यूबच्या जवळ बसवला जाई. तिथे संकेत काही दहा व्होल्टचा झालेला असतो आणि ०.७ चा फरक किरकोळ ठरतो. लहान संकेतांसाठी ट्रान्झिस्टरची किंवा ऑप-ॲम्पची वेगळी जोडणी लागते.

संचात क्लिपरचेही काम असते. सिंकचा इशारा चित्रापासून वेगळा काढायचा, म्हणजे काळ्याच्या वरचे सगळे छाटून फक्त खालचे ०.३ व्होल्ट ठेवायचे. छाटणीची रेघ कुठे मारायची? क्लॅम्परशिवाय प्रयत्न करून पाहा. पांढऱ्या पडद्याच्या वेळी सिंक उणे ०.८५ पासून उणे ०.५५ पर्यंत असतो. काळ्या पडद्याच्या वेळी तोच उणे ०.२८ पासून अधिक ०.०२ पर्यंत. दोन्ही सिंकना मधोमध छेदणारी एकही रेघ नाही. उणे ०.७ वर मारली तर काळ्या दृश्यात सिंक रेघेपर्यंत पोचतच नाही. उणे ०.१५ वर मारली तर पांढऱ्या दृश्यात चित्राचाही भाग सिंकमध्ये मिसळतो. आधी तळ शून्यावर बांधला की सिंक नेहमी शून्य ते ०.३ मध्ये आणि चित्र त्याच्या वर. मग ०.१५ वर मारलेली एकच रेघ दिवसाला चालते आणि रात्रीलाही.

म्हणून क्रम ठरलेला: आधी बांधायची, मग छाटायची. प्रत्यक्ष संचात ही दोन्ही कामे बहुधा सिंक सेपरेटर नावाचा एकच टप्पा उरकत असे. तिथे ट्रान्झिस्टरचा बेस आणि एमिटर यांच्यातला जोड डायोडची भूमिका करी आणि आधीचा कपॅसिटर क्लॅम्परची. तो कपॅसिटर बिघडला की संचाला रेषांचे इशारे धड मिळत नसत आणि चित्र तिरके फाटू लागे किंवा पडद्यावर वरखाली धावू लागे. अशा वेळी घरचे लोक छतावरचा अँटेना हलवून बघत, आणि दुरुस्तीवाला मागचे झाकण उघडून सिंक सेपरेटरपाशी मीटर लावी.